एजन्सीची पाटी आणि तीस दिवसांची किंमत

तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत फेरफटका मारला, तर ‘एन्टरप्रायजेस’, ‘ट्रेडर्स’ आणि ‘एजन्सीज’ या तीन शब्दांत बहुतेक पाट्या संपतात. त्यांतील ‘एजन्सीज’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय व्यापारी घरांना विशेष प्रिय आहे. मुलाने ‘अमुक कंपनीची एजन्सी घेतली’ असे सांगताना वडिलांच्या स्वरात नोकरी लागल्याचे समाधान असते, आणि धंदा असूनही ती जणू कायम स्वरूपाची गोष्ट आहे असे घरात धरले जाते. वस्तुतः बिस्किटे, साबण, तेल, औषधे, रंग, पंप, टायर अशा मालाची ‘एजन्सी’ चालविणाऱ्यांपैकी बहुतेक जण कायद्याच्या दृष्टीने एजंट नसतातच. ते वितरक असतात. म्हणजे कंपनीकडून माल विकत घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर तो पुन्हा विकणारे स्वतंत्र व्यापारी. हा भेद केवळ शब्दांचा आहे असे संबंध गोडीगुलाबीचे असेतोवर वाटते. कंपनीचे ‘आपला करार संपुष्टात आणत आहोत’ असे दोन परिच्छेदांचे पत्र हाती पडते, त्या दिवशी मात्र तो भेद रुपयांत मोजावा लागतो.

एजंट आणि वितरक यांतील फरक ओळखावयाचा कसा? भोपाळ शुगर इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये याची कसोटी स्पष्ट शब्दांत मांडली. करारात ‘एजंट’ हा शब्द घातला म्हणून कोणी एजंट होत नाही. कराराचे मर्म पाहावयाचे असते. माल ताब्यात आल्यावर तो कोणाच्या मालकीचा झाला, हा मूळ प्रश्न. मालाची मालकी कंपनीकडेच राहत असेल, विक्रीची रक्कम कंपनीची म्हणून तिच्याकडे भरावयाची असेल आणि हाती केवळ कमिशन उरत असेल, तर ती एजन्सी होय. याउलट कंपनीने वितरकाच्या नावे बिल केले, त्याने पैसे भरले वा तो देणेकरी झाला, आणि पुढे दुकानदाराने उधारी बुडवली तरी कंपनीचे पैसे त्याला द्यावेच लागणार असतील, तर ती खरेदी-विक्री होय, पाटीवर काहीही लिहिलेले असो. गंमत अशी की दोन्ही प्रकार एकाच साखळीत नांदतात. पुणे वा नागपूरच्या वेशीवर मोठे गोदाम सांभाळणारा सी अँड एफ एजंट हा खरोखर एजंट असतो. त्याच्या गोदामातील लाखो रुपयांच्या मालाला आग लागली, तर त्याची निष्काळजी नसल्यास नुकसान कंपनीचे. त्याच गोदामातून माल उचलणाऱ्या तालुक्याच्या वितरकाच्या गोदामात पुराचे पाणी शिरले, तर नुकसान त्याचे स्वतःचे.

संबंध तुटण्याच्या वेळी या दोघांना कायदा काय देतो ते पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण संपूर्णपणे एजन्सीला वाहिलेले आहे. कलम २०६ सांगते की एजन्सी रद्द करताना वाजवी पूर्वसूचना दिली पाहिजे, न दिल्यास त्यामुळे झालेले नुकसान भरून दिले पाहिजे. कलम २०५ त्याहून पुढे जाते: एजन्सी ठराविक मुदतीपर्यंत चालावयाची असे स्पष्टपणे वा गर्भितपणे ठरले असेल आणि पुरेशा कारणावाचून ती मुदतीपूर्वी मोडली, तर भरपाई द्यावी लागते. कमिशन व खर्च मिळेपर्यंत हाती असलेला माल अडवून ठेवण्याचा अधिकारही एजंटाला आहे. वितरकासाठी असे वेगळे प्रकरण नाही. त्याच्या वाट्याला येते ते करारभंगाच्या नुकसानीचे सर्वसाधारण कलम ७३ आणि त्याच्या स्वतःच्या करारात जे छापले असेल ते. छापलेले काय असते? ‘कोणतेही कारण न देता तीस दिवसांच्या सूचनेने उभय पक्षांपैकी कोणासही हा करार संपुष्टात आणता येईल.’ ‘उभय पक्षांपैकी’ हे शब्द वाचून वितरकाला बरोबरीचे समाधान मिळते. पंचवीस लाख रुपये गुंतवून बसलेला एक पक्ष आणि देशभर शेकडो वितरक असलेला दुसरा, यांना सारखाच हक्क दिल्याने बरोबरी होत नाही हे नंतर कळते.

या एका वाक्याचे वजन किती आहे, हे इंडियन ऑइल कॉर्पोरेशन विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात कायमचे ठरून गेले. अमृतसरच्या या पेढीकडे स्वयंपाकाच्या गॅसचे वितरण होते आणि करार १९७६ चा होता. त्यात करार संपविण्याचे दोन मार्ग होते. कलम २७ अन्वये वितरकाच्या चुकीसारख्या ठराविक कारणांनी, आणि कलम २८ अन्वये कारण न देता तीस दिवसांच्या सूचनेने. १९८३ मध्ये कंपनीने वितरण काढून घेतले. प्रकरण लवादाकडे गेले. कंपनीने दाखविलेल्या कारणावरून केलेली ही कारवाई कराराला धरून नाही, असा लवादाचा निष्कर्ष निघाला आणि त्याने वितरण परत देण्याचा निवाडा दिला. खालच्या न्यायालयांत तो टिकलाही. १९९० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो टिकू दिला नाही. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: कंपनीची कारवाई चुकीची होती असे क्षणभर धरून चालू, पण हा करार मुळातच सूचना देऊन संपविता येण्याजोगा आहे आणि अशा कराराची सक्तीने अंमलबजावणी करण्यास विशिष्ट दिलासा कायदा मनाई करतो. तेव्हा वितरण परत मिळणार नाही. राहिली भरपाई. कंपनीने नीट तीस दिवसांची सूचना दिली असती, तर वितरकाला तीस दिवस धंदा करता आला असता. म्हणून त्याची हानी तीस दिवसांच्या मिळकतीएवढीच.

या तर्कात दोष काढणे कठीण आहे, आणि तरीही तो पचविणे तितकेच कठीण. कंपनी चुकली असे सिद्ध करूनही हाती एक महिना येतो. आज तीन दशकांहून अधिक काळ देशातील उच्च न्यायालये आणि लवाद याच निवाड्याचे बोट धरून चालत आहेत. विशिष्ट दिलासा कायद्यात २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तरी संपविता येण्याजोग्या कराराची सक्ती करता येणार नाही हे तत्त्व तसेच राहिले. करारात सूचनेचे कलमच नसेल तर? मारुती उद्योग आणि एका डीलरच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की तरीही खासगी व्यापारी करार वाजवी सूचनेने संपविता येतो. म्हणजे कलम नसण्याने नाते अमर होत नाही. फक्त ‘वाजवी’ म्हणजे किती दिवस, यावर वाद घालण्यास जागा मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही जागादेखील लहान नाही. पंधरा वर्षे जुन्या धंद्याला तीस दिवस पुरेसे नाहीत, हे तिथे निदान मांडता तरी येते.

आता हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा, एका तालुक्यात खाद्यपदार्थांच्या एका कंपनीचा वितरक दरमहा वीस लाख रुपयांचा माल विकतो आणि त्याला विक्रीवर पाच टक्के सुटतात, म्हणजे महिन्याचे एक लाख. सेल्समन, चालक आणि हमाल यांचे पगार चाळीस हजार, गोदामाचे भाडे दहा हजार, डिझेल दहा हजार आणि व्याज-किरकोळ पाच हजार वजा जाता घरात पस्तीस हजार येतात. यासाठी त्याने गुंतविले किती? गोदामातील माल नऊ लाखांचा, दुकानदारांकडे थकलेली उधारी आठ लाख, कंपनीकडून यावयाचे स्कीम व खराब मालाचे क्लेम दीड लाख, टेम्पो सहा लाखांचा. एकूण साडेचोवीस लाख. कंपनीने सूचनेविना पुरवठा थांबविला आणि अमृतसरचा न्याय लावला, तर त्याची भरपाई पस्तीस हजार. पगार व भाडे त्या महिन्यात चालूच राहिले आणि केवळ डिझेल वाचले असे सिद्ध केले, तर फार तर नव्वद हजार. वकिलाची फी त्यातूनच द्यावयाची आहे.

परंतु वितरक बुडतो तो गमावलेल्या नफ्याने नव्हे, हे ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला आहे त्यांना माहीत असते. तो बुडतो शेवटच्या साठ दिवसांत. नवा वितरक नेमला गेल्याची बातमी बाजारात पोहोचली, की किराणा दुकानदार जुन्याची उधारी देण्याचे लांबवतो. उद्यापासून माल याच्याकडून यावयाचा नसल्याने त्याला दाबणारे काही उरत नाही. खराब आणि मुदत उलटलेला माल तो जुन्याच्याच गळ्यात मारतो. कंपनी म्हणते, तो आता नव्याकडे द्या. नवा म्हणतो, माझ्या बिलाचा नाही. गोदामातील नऊ लाखांचा माल वितरकाच्या मालकीचा, म्हणून कंपनीने परत घ्यावा असे कोणतेही कलम कायद्यात नाही, आणि करारातही बहुधा नसते. नव्या वितरकाच्या ताज्या मालासमोर जुना माल दोन-चार टक्के तोट्यात जातो, कधी त्याहून अधिक. क्लेम तर अधिकारी बदलला की कागदांच्या ढिगाऱ्यात हरवतात.

ही वेळ येणार याच्या खुणा आधी दिसतात. एका गावाची किंवा बाजारपेठेची ‘बीट’ दुसऱ्याला दिली जाते. महिनाअखेरीस टार्गेटच्या नावाखाली नको असलेला माल बिल करून पाठविला जातो. क्लेमचा हिशेब मागितला तर तोंडी आश्वासन मिळते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, पत्र न देता नुसता पुरवठा मंदावतो, जेणेकरून वितरकानेच कंटाळून धंदा सोडावा. यातल्या शेवटच्या प्रकारात वितरकाने रागाने स्वतः राजीनामापत्र दिले, की सूचनेच्या काळाची भरपाईही गेली. त्याने लिहावयाचे असते ते उलट: अमुक तारखेची ऑर्डर दिली, माल आला नाही, करार चालू आहे असे आम्ही मानतो. हे पत्र दर ऑर्डरमागे गेले पाहिजे.

युरोपात हे प्रकरण निराळ्या वाटेने गेले. युरोपीय समुदायाने १९८६ मध्ये व्यापारी एजंटांबाबत एक निर्देश काढला. त्यानुसार पहिल्या वर्षी एक महिना, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षापासून पुढे निदान तीन महिन्यांची सूचना बंधनकारक आहे. शिवाय एजंटाने नवे ग्राहक जोडले असतील अथवा जुन्यांचा व्यापार लक्षणीय वाढविला असेल, आणि तो गेल्यावरही कंपनीला त्यांचा भरीव लाभ होत राहणार असेल, तर त्या लाभाचा वाटा म्हणून त्याला रक्कम मिळते. तिची कमाल मर्यादा मागील पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाच्या कमिशनएवढी. फ्रान्सने याच निर्देशातील भरपाईचा दुसरा पर्याय निवडला. तेथील न्यायालये साधारणतः दोन वर्षांच्या कमिशनएवढी रक्कम देतात. आपल्या वरच्या उदाहरणातील माणूस एजंट असता आणि त्याला हेच एक लाख कमिशन म्हणून मिळत असते, तर जर्मन पद्धतीची मर्यादा बारा लाख ठरली असती. अर्थात ज्याची स्वतःची गुंतवणूक नाही त्याला पाच टक्के कमिशन कोणी दिले नसते, तेव्हा ही तुलना ढोबळ आहे. पण पस्तीस हजार आणि बारा लाख यांतील अंतर कमिशनच्या दराने भरून निघणारे नाही.

आणि तिथेही वितरकाचे काय? निर्देश एजंटापुरताच आहे. बेल्जियमने १९६१ मध्येच एकाधिकार वितरकांसाठी कायदा केला: बेमुदत करार संपविताना वाजवी सूचना द्या, नाहीतर न्याय्य भरपाई द्या. जर्मनीत न्यायालयांनी एजंटाचे भरपाईचे कलमच वितरकालाही लावले, मात्र दोन अटींवर. वितरक कंपनीच्या विक्रीयंत्रणेत एजंटासारखा गुंफलेला असला पाहिजे. आणि आपल्या ग्राहकांची माहिती कंपनीला देण्यास तो बांधलेला असला पाहिजे, म्हणजे तो गेल्यावर कंपनीला ते ग्राहक आपोआप वापरता येतात. ही दुसरी अट वाचताना आपल्याकडील चित्र डोळ्यांसमोर आणावे. मोठ्या कंपन्यांचा वितरक आज प्रत्येक दुकानाचे बिल कंपनीने दिलेल्या संगणक प्रणालीतच करतो. कोणत्या गल्लीतील कोणता दुकानदार महिन्याला किती खोकी उचलतो, हे कंपनीच्या मुख्यालयात दिसते. वीस वर्षे पायपीट करून जोडलेली ही यादी वितरकाबरोबर जात नाही. ती कंपनीकडेच राहते आणि दुसऱ्या दिवशी नव्या वितरकाच्या पडद्यावर उघडते. जर्मन न्यायालयाने ज्याला भरपाईचे कारण मानले, तीच वस्तुस्थिती आपल्याकडे प्रशिक्षण आणि सुविधा म्हणून सांगितली जाते.

निर्यात करणाऱ्या मराठी उद्योजकांसाठी येथे एक सावधगिरीची गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. युरोपात एजंट नेमताना ‘या कराराला भारतीय कायदा लागू राहील’ असे लिहिले की आपण सुटलो, असा समज आढळतो. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने ब्रिटनमधील आपल्या एजंटाच्या करारात असेच स्वतःच्या राज्याचे कायदे लिहिले होते. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २००० मध्ये निर्णय दिला की एजंट युरोपीय समुदायात काम करीत असेल, तर भरपाईचा हक्क असा लिहून टाळता येत नाही. म्हणजे इचलकरंजीचा निर्यातदार तिथल्या एजंटाला वर्षभराचे कमिशन देण्यास बांधलेला, आणि त्याच गावातला त्याचा भाऊ कोणा कंपनीचा वितरक म्हणून तीस दिवसांवर समाधान मानणारा.

आपल्याकडे या प्रश्नाला थोडा आवाज मिळाला तो मोटारींच्या डीलरांमुळे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये देशातील विक्री थांबविली, फोर्डने २०२१ मध्ये येथील कारखाने बंद करण्याचे जाहीर केले, आणि कोट्यवधींची शोरूम उभारलेले डीलर उघडे पडले. त्यांच्या ‘फाडा’ या महासंघाने फ्रँचायझी संरक्षण कायद्याची मागणी लावून धरली. पण मोटारींच्या डीलरला निदान वर्तमानपत्रांत जागा मिळते. साबणाच्या वितरकाला ती मिळत नाही, आणि संख्येने तो कितीतरी अधिक आहे. केवळ परकीय कंपन्यांनाच दोष देण्याचा मोहही आवरला पाहिजे. तीस दिवसांचे कलम देशी कंपन्यांच्या करारांतही त्याच शब्दांत छापलेले असते, आणि अमृतसरच्या खटल्यातील कंपनी तर सरकारी होती.

कायदा व्हावा तो कसा? जर्मनीची भरपाई जशीच्या तशी आणावी, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ग्राहक खरोखर वितरकाने जोडले की कंपनीच्या जाहिरातीने, हे सिद्ध करण्यात आपल्या न्यायालयांत दहा वर्षे जातील, आणि कंपन्या लहान वितरक नेमणेच थांबवून ‘सुपर स्टॉकिस्ट’कडे वळतील. हा आक्षेप कंपन्यांचा असला तरी तो खरा आहे. त्यापेक्षा दोनच गोष्टी सक्तीच्या कराव्यात. नात्याच्या वयानुसार वाढणारी किमान सूचना: पाच वर्षांनंतर तीन महिने, दहा वर्षांनंतर सहा. आणि करार संपताच चांगल्या स्थितीतील माल बिलाच्या किमतीला परत घेण्याचे बंधन. सूचना मोठी झाली की अमृतसरचाच तर्क वितरकाच्या बाजूने काम करू लागतो; कारण सूचना न दिल्यास भरपाई त्या सहा महिन्यांच्या मिळकतीएवढी होईल.

तोवर जे करावयाचे ते सही करण्यापूर्वीच. छापील करार बदलत नाही असे कंपनीचा अधिकारी सांगेल. छापील करार बदलत नसला, तरी नेमणुकीच्या पत्रात ओळी वाढविता येतात, आणि नवा तालुका उघडताना कंपनीला वितरकाची गरज असते तेव्हाच त्या वाढतात. सूचना नव्वद दिवसांची, माल परतीची किंमत आणि मुदत, क्लेम व अनामत किती दिवसांत द्यावयाची, एवढे तिथे आले तरी पुष्कळ झाले. करार संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा माल विकू नये असे कलम दिसले, तर त्याने फारसे घाबरू नये. करार कायद्याचे कलम २७ अशा बंधनाला शून्य मानते. दर तीन महिन्यांनी कंपनीकडून थकीत क्लेमसह खातेउतारा लेखी मागवावा.

पत्र हाती पडलेच असेल, तर त्याच आठवड्यात गोदामातील मालाची यादी बॅच क्रमांकांसह करून कंपनीला पाठवावी, दुकानदारांकडून उधारीच्या रकमेवर सह्या घ्याव्यात आणि धनादेश कोरे दिले असतील तर ते परत मागणारे पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टने द्यावे. करारभंगाच्या भरपाईचा दावा करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. ‘नव्वद दिवसांत दावा न केल्यास हक्क संपेल’ असे कलम करारात असले, तरी १९९७ पासून करार कायद्याच्या कलम २८ नुसार ते निरर्थक ठरते. स्कीमचे मासिक क्लेम सादर करण्याच्या तारखा मात्र वेगळ्या. त्या पाळाव्याच लागतात.